पाऊस कोणाच्या बोलण्यावर सुरू झाला?

‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ वाचतेय. जादुई वास्तववादात अद्भुत घटना ही सामाजिक वास्तवाची रूपकं असतात असं शिकले, म्हणून वहीत दोन रकाने केले: डावीकडे घटना, उजवीकडे अर्थ. निद्रानाशाची साथ = विस्मृती, पाऊस = शोषण, पिवळी फुलपाखरं = प्रेम. यादी पूर्ण होत आली, पण पुस्तक हातातून निसटल्यासारखं वाटतंय. नेमकं कुठे चुकतंय?

उजव्या रकान्यातले तुमचे अर्थ अगदीच चूक आहेत असं मी म्हणणार नाही. अडचण आहे ती दोन रकान्यांच्या मधल्या ‘बरोबर’च्या चिन्हात. रूपक अलंकार आपण शाळेत शिकतो तेव्हा ‘मुखकमल’ असा शब्द समोर असतो. मुख हे उपमेय, कमळ हे उपमान. दोन्ही आधीपासून ओळखीची असतात, आणि कोणत्या शब्दाने काय दाखवलंय याबद्दल शंका उरत नाही. रूपककथेत उपमेय झाकलेलं असतं, पण उपमानाची साल सोलली की ते सापडतं आणि साल बाजूला ठेवता येते. जादुई वास्तववादाच्या कादंबरीत ही सालच निघत नाही. कारण इथे अद्भुत गोष्ट आणि सामाजिक गोष्ट एकाच गावात, एकाच आठवड्यात, त्याच माणसांच्या बाबतीत घडते, आणि निवेदक दोन्ही एकाच आवाजात सांगतो. एक दुसरीच्या जागी उभी नसते, दोघी शेजारी शेजारी उभ्या असतात. म्हणून वाचताना शोधायचं ते त्या दोघींमधलं नातं.

मी बरीच वर्षं ही कादंबरी विद्यार्थ्यांबरोबर वाचते आहे. दोन रकान्यांची वही मी दरवर्षी पाहते आणि ती फाडायला सांगत नाही. मी एकच प्रसंग घेते आणि तो पावलापावलाने वाचायला लावते. तोच इथे घेते: केळीच्या कंपनीतल्या मजुरांचा संप, स्टेशनावरचा गोळीबार, आणि त्यानंतरचा पाऊस.

आधी इतिहासात काय घडलं ते सरळ शब्दांत पाहू. ही पायरी बरेच जण शेवटी घेतात किंवा गाळतात, आणि मग ‘शोषण’सारखा कुठेही बसणारा शब्द हाती लागतो. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या माग्दालेना प्रांतात अमेरिकन युनायटेड फ्रूट कंपनीचे केळीचे मळे होते. नोव्हेंबर 1928 मध्ये तिथल्या मजुरांनी नऊ मागण्यांसाठी संप सुरू केला. आठवड्याला एक सुट्टी, राहायला बरी घरं, अपघाताची भरपाई, कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या कुपनांऐवजी रोख मजुरी, अशा त्या मागण्या होत्या. या सगळ्यांच्या तळाशी एक प्रश्न होता: हे मजूर कंपनीचे कामगार आहेत की नाहीत? कंपनी मुकादम-ठेकेदारांमार्फत माणसं लावायची आणि ही माणसं आमची नव्हेत असं म्हणायची. 5 आणि 6 डिसेंबरच्या मधल्या रात्री सिएनागा गावच्या स्टेशनाजवळ जमलेल्या लोकांना पांगण्याचा हुकूम वाचून दाखवण्यात आला, काही मिनिटांची मुदत दिली गेली आणि सैन्याने गोळ्या झाडल्या. सैन्याचा प्रमुख जनरल कार्लोस कोर्तेस वार्गास. मेलेल्यांचा आकडा त्याने आधी नऊ सांगितला, नंतर स्वतःच्या पुस्तकात सत्तेचाळीस मान्य केला. अमेरिकन दूतावासाने आपल्या सरकारला पाठवलेल्या अहवालात हजारावर मृत्यू झाल्याचं म्हटलं होतं. खरा आकडा आजवर ठरलेला नाही. लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस याच केळीच्या पट्ट्यातल्या आराकाताका गावात 1927 साली जन्मला, म्हणजे गोळीबाराच्या वेळी तो दोन वर्षांचाही नव्हता. ही घटना त्याच्या आठवणीत नाही. ती त्याच्याकडे मोठ्यांच्या सांगण्यातून आली, आणि प्रत्येकाचं सांगणं वेगळं होतं.

आता कादंबरीकडे या, आणि पहिल्या वाचनात रूपक हा शब्द पूर्ण बाजूला ठेवा. जे लिहिलंय ते घडलं असं धरून पुढे चला. संप चालू आहे. तीन महिने पावसाचा थेंब नाही. स्टेशनावर तीन हजारांहून जास्त माणसं जमली आहेत. बुएंदिया घराण्यातला होसे आर्कादिओ सेगुंदो त्या गर्दीत आहे. हुकूमनामा क्रमांक 4 वाचला जातो. त्यात संपकऱ्यांना गुंडांची टोळी ठरवून सैन्याला गोळ्या घालण्याचा अधिकार दिलेला असतो. पाच मिनिटांची मुदत संपते, वर एक मिनिट मिळतं, मग मशीनगन सुरू होतात. होसे आर्कादिओ सेगुंदो शुद्धीवर येतो तेव्हा तो प्रेतांनी भरलेल्या मालगाडीत पडलेला असतो. जवळपास दोनशे डबे, टाकाऊ केळी समुद्रात टाकायला न्यावीत तशी रचलेली माणसं. तो उडी मारतो आणि पावसातून तीन तासांहून जास्त चालत माकोंदोला, म्हणजे कादंबरी जिथे घडते त्या गावाला, परत येतो.

इथे थांबून एक गोष्ट पाहा. या प्रकरणात जे सर्वांत अविश्वसनीय वाटतं, ते सगळं निसर्गनियमांना धरून आहे. गाडी, डबे, प्रेतं, मशीनगन यात जादू कुठेच नाही. हुकूमनाम्याचा क्रमांक आणि त्याखालचं जनरलचं नाव तर सरळ इतिहासातून उचललेलं आहे. आधीच्या दोनेकशे पानांत माणसं हवेत उडाली, मेलेली माणसं अंगणात बसून राहिली, एका मुलाच्या रक्ताची धार रस्ते ओलांडत, वळणं घेत थेट त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात पोचली. गावाने यातल्या कशावरही हरकत घेतली नाही. हरकत घेतली जाते ती या एकाच घटनेवर. गावात परतल्यावर एक बाई त्याला आपल्या स्वयंपाकघरात घेते, त्याची जखम धुते, कपडे वाळवते, बुएंदिया घराण्यात बिनसाखरेची पितात असं ऐकलेलं म्हणून बिनसाखरेची कॉफी देते. तो म्हणतो, तीन हजार तरी असतील. ती विचारते, कोण? तो म्हणतो, मेलेली माणसं. ती त्याच्याकडे कणवेने पाहते आणि सांगते की इथे कोणी मेलेलं नाही, तुझ्या कर्नल आजोबांच्या काळापासून माकोंदोत काही घडलेलंच नाही. (नात्याने कर्नल त्याचा चुलत आजोबा लागतो, मूळ मजकुरात ती त्याला काका-मामांच्या रांगेतलाच धरते. बुएंदिया घराण्याचा नातेवृक्ष वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवा, फार उपयोग होतो.)

जादुई वास्तववादात अद्भुताला कोणी दचकत नाही, हे आपल्याला पहिल्या धड्यातच सांगतात. त्या न दचकण्याचा उपयोग काय, हे या प्रकरणात कळतं. दोनशे पानं आपण कशावरही विश्वास ठेवायला तयार असलेलं गाव पाहिलं, आणि त्या गावाला न पेललेली पहिली गोष्ट आहे हत्याकांड. आधीच्या चमत्कारांशिवाय हा नकार एवढा जड झाला नसता. उडणारी माणसं हत्याकांडाचं ‘प्रतीक’ नाहीत, पण त्यांच्यामुळे हत्याकांडाचा नकार मोजता येतो. ‘बरोबर’च्या चिन्हाऐवजी नातं शोधा असं मी म्हटलं, त्याचा अर्थ हा.

आता पाऊस. तुम्ही त्याच्यासमोर ‘शोषण’ लिहिलंय. कोणत्याही अद्भुत घटनेला मी तीन गोष्टी विचारते: ती कधी आणि कोणाच्या बोलण्यावर सुरू झाली, ती कोणाला दिसते आणि कोणाला दिसत नाही, आणि तिच्यातल्या कोणत्या तपशिलाचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

कधी आणि कोणाच्या बोलण्यावर? सरकारी निवेदन येतं की मजूर समाधानाने घरी गेले. कामगार पुढाऱ्यांनी मागण्या दोनवर आणल्याचं सांगितलं जातं: वैद्यकीय सोय आणि घरांत संडास. कंपनीचा मिस्टर ब्राउन हे मान्य करतो, वर तीन दिवसांच्या उत्सवाचा खर्च द्यायलाही तयार होतो. फक्त सही कधी करणार, असं सैन्याचे अधिकारी विचारतात तेव्हा तो विजा चमकणाऱ्या आकाशाकडे बघतो आणि म्हणतो, पाऊस उघडल्यावर. पाऊस असेपर्यंत सगळं काम बंद. तीन महिन्यांच्या कोरड्या हवेनंतर नेमक्या त्या घोषणेबरोबर केळीच्या पट्ट्यावर मुसळधार कोसळू लागते. गावाकडे चालत येणाऱ्या होसे आर्कादिओ सेगुंदोला गाठलेला पाऊस हाच. म्हणजे हा पाऊस दुःखाचा नाही आणि आकाशाच्या अश्रूंचा तर नाहीच, जे विद्यार्थी हमखास लिहितात. हा करारातल्या अटीसारखा पडणारा पाऊस आहे. सही टाळायला हवामानाची सबब दिली गेली आणि हवामानाने ती सबब पाळली. कंपनीची ताकद किती, हे ‘कंपनी फार ताकदवान होती’ अशा वाक्यातून कळत नाही, पाऊस तिचं ऐकतो यातून कळतं. ‘शोषण’ या शब्दात हे काहीच येत नाही, कारण शोषण पावसाच्या आधी कित्येक वर्षं चाललेलं होतं आणि पाऊस सुरू झाला तेव्हा मळ्यांतलं काम थांबलेलं होतं.

याच्याच जोडीला न्यायालयाचा प्रसंग ठेवा, कारण तो पावसाचा सख्खा भाऊ आहे. मजूर मागण्या घेऊन मिस्टर ब्राउनला गाठतात तेव्हा वकील दाखवतात की हा माणूस मिस्टर ब्राउन नाहीच, तो माकोंदोत जन्मलेला औषधी वनस्पती विकणारा कोणी दुसराच आहे. मग खऱ्या ब्राउनचा शिकागोत अग्निशामक गाडीखाली मृत्यू झाल्याचा दाखला पुढे येतो. शेवटी न्यायालय जाहीर करतं की कंपनीकडे कधी मजूर नव्हतेच, कारण सगळे तात्पुरते आणि प्रसंगापुरते लावलेले होते. यात निसर्गनियम कुठेच मोडलेला नाही. कागद आहेत, शिक्के आहेत, सह्या आहेत. आणि तरी जिवंत माणूस मेलेला ठरतो, हजारो मजूर नसलेले ठरतात. 1928 च्या संपाच्या तळाशी हाच युक्तिवाद होता हे माहीत असेल, तर या पानांत लेखकाने जादू घातलेली नाही, ती त्याला कागदपत्रांतच तयार मिळाली, हे लक्षात येतं. मजूर कागदावर आधीच नाहीसे झालेले होते. स्टेशनावरची प्रेतं नाहीशी होणं हा त्याच निकालाचा पुढचा टप्पा आहे.

कोणाला दिसतं, कोणाला नाही? होसे आर्कादिओ सेगुंदो घरातल्या एका बंद खोलीत लपतो. ही मेल्कियादेस या भटक्या ज्ञानी माणसाची खोली. घरातल्या काही जणांना ती कायम स्वच्छ, उजेडी दिसते. सैनिक झडतीला येतात. अधिकारी दिवा घेऊन दार उघडतो, खाटेच्या कडेला बसलेल्या माणसाच्या अंगावरून त्याची नजर फिरते, शेजारी उभ्या असलेल्या घरच्यांना तो माणूस स्पष्ट दिसत असतो, आणि अधिकारी म्हणतो की या खोलीत निदान शंभर वर्षं कोणी आलेलं नाही. ‘अदृश्य होणं’ असा अर्थ लिहून पुढे जाऊ नका. अदृश्य तो फक्त एका नजरेला आहे. ज्या सैन्याच्या लेखी कोणी मेलेलं नाही, त्या सैन्याला मेलेल्यांमधून परत आलेला माणूस दिसणार कसा? तो दिसला असता तर निवेदन खोटं ठरलं असतं. आणि ज्या न दिसण्याने तीन हजार माणसं पुसली गेली, तेच न दिसणं इथे त्या एका साक्षीदाराचा जीव वाचवतं. हा पीळ मला फार महत्त्वाचा वाटतो. एकच गोष्ट दोन्हीकडे धार असलेली, आणि कोणत्याही एकशब्दी अर्थात न मावणारी.

हाच प्रश्न दुसऱ्या एका कादंबरीतही कामाला येतो. क्यूबन लेखक आलेहो कार्पेंतिएर याच्या 1949 सालच्या ‘द किंग्डम ऑफ धिस वर्ल्ड’मध्ये हैतीतल्या गुलामांचा बंडखोर नेता माकांदाल याला 1758 मध्ये जाळण्याचा प्रसंग आहे. दोर सुटतात, माकांदाल उसळतो, आणि तो उडून गेला असं समजून गुलामांचा जल्लोष होतो. त्या गोंधळात सैनिकांनी त्याला पुन्हा आगीत लोटलं हे फार थोड्यांना दिसतं. निवेदक दोन्ही सांगतो. गुलाम हसत हसत वस्तीवर परततात, आणि ती गोष्ट पुढच्या बंडाला पुरते. ‘उड्डाण = स्वातंत्र्य’ असं लिहिलंत तर तुम्ही गुलामांच्या बाजूने पाहिलंत आणि आग विसरलात. ‘ही अंधश्रद्धा’ असं लिहिलंत तर मळेवाल्यांच्या बाजूने पाहिलंत आणि बंड विसरलात. दोन नजरांमधली फट हीच तिथली सामाजिक वस्तुस्थिती आहे.

आता तिसरा प्रश्न, अर्थ न लागलेला तपशील. माझ्या अनुभवात चांगलं वाचन बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. पाऊस किती दिवस पडतो? चार वर्षं, अकरा महिने आणि दोन दिवस. तो ‘अनेक वर्षं’ किंवा ‘न संपणारा’ असता तर ‘दीर्घ हालअपेष्टा’ म्हणून भागलं असतं. पण कोणीतरी दोन दिवससुद्धा मोजून ठेवले आहेत. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा: पावसाचा हिशेब दिवसापर्यंत चोख, आणि मेलेल्यांचा आकडा म्हणजे एका जखमी माणसाचं ‘तीन हजार तरी असतील’. ज्या जगात पाऊस दिवसागणिक नोंदला जातो आणि माणसं मोजली जात नाहीत, ते जग या दोन आकड्यांत उभं आहे. हे वाचन माझ्याही लक्षात पहिल्या दोनतीन वाचनांत आलं नव्हतं. एका विद्यार्थिनीने साधेपणाने विचारलं, दोन दिवस कशाला?, आणि मी तो प्रश्न घरी घेऊन गेले.

इथे एक मर्यादाही नोंदवते. कादंबरीतले तीन हजार हा इतिहासाचा पुरावा नव्हे. लेखकाने पुढे एका मुलाखतीत सांगितलं की खरे मृत्यू याहून पुष्कळ कमी असावेत, पण कादंबरीच्या मापात एवढी मोठी गाडी भरायची तर तेवढी माणसं लागणार होती. तरीही तीन हजार हाच आकडा नंतर लोकांच्या बोलण्यात रुळला. म्हणून निबंधात ‘1928 मध्ये तीन हजार मेले, हे मार्केस दाखवतो’ असं वाक्य लिहू नका. गणती नाकारली गेल्यामुळे आकडा कल्पनेला पुरवावा लागला, इतकंच आपल्याला म्हणता येतं, आणि माझ्या मते तेच जास्त खरं आहे.

तुमच्या यादीतली निद्रानाशाची साथ आता वेगळी दिसेल. ‘विस्मृती’ हा अर्थ बरोबरच आहे, तो कादंबरी स्वतःच सांगते: झोप गेली की हळूहळू आठवण जाते. जे गावाला आपसूक कळतं त्याला आपण शोधलेला अर्थ म्हणण्यात हशील नाही. पुढचं पाऊल असं की कादंबरीत विसरणं दोनदा येतं, ते शेजारी ठेवायचं. पहिलं विसरणं हा आजार. तेव्हा माकोंदोत ना कंपनी असते ना सैन्य. लोक विसरण्याशी लढतात, आणि लढतात लिहून. टेबल, खुर्ची, घड्याळ, भिंत अशी नावं शाईने वस्तूंवर लिहितात, गाईच्या गळ्यात पाटी अडकवतात की ही गाय, हिचं दूध रोज सकाळी काढायचं. शेवटी मेल्कियादेस औषध आणतो आणि गाव बरं होतं. दुसरं विसरणं हत्याकांडानंतरचं. इथेही लिखाण आहे, पण ते आता हुकूमनामा, निवेदन, न्यायालयाचा निकाल आणि पुढे शाळेचं पुस्तक या रूपात. पहिल्या वेळी लिखाण आठवण राखायला धावलं, दुसऱ्या वेळी लिखाणानेच ती पुसली, आणि आठवण राहिली ती एका माणसाच्या तोंडी. होसे आर्कादिओ सेगुंदो मरताना खोलीतल्या मुलाला बजावतो ते हेच, की ते तीन हजारांहून जास्त होते आणि त्यांना समुद्रात टाकलं. दोन्ही साथींसमोर ‘विस्मृती’ असा एकच शब्द लिहिला असतात तर हा उलटा फिरलेला काटा दिसला नसता.

फुलपाखरांबद्दल थोडक्यात. माउरिसिओ बाबिलोनिया या तरुणाभोवती पिवळी फुलपाखरं का फिरतात याला सामाजिक अर्थ चिकटवू नका. माझ्या समजुतीप्रमाणे तो नाहीच, आणि प्रत्येक अद्भुत गोष्ट रूपक असलीच पाहिजे हा हट्ट सोडावा लागतो. अर्थ फुलपाखरांच्या शेजारच्या वाक्यांत आहे. तो कंपनीच्या गॅरेजमधला उमेदवार मेकॅनिक आहे. तो चोरून जिला भेटायला येतो त्या मुलीची आई फर्नांदा कोंबड्या चोरीला जातात असं सांगून परसात पहारा बसवते. गोळी त्याच्या मणक्यात शिरते, तो उरलेलं आयुष्य अंथरुणावर काढतो आणि कोंबडीचोर म्हणून मरतो. एवढी फुलपाखरं त्याच्याभोवती फिरली, साऱ्या घराने ती पाहिली, आणि तरी कागदावर आणि गावाच्या तोंडी उरला ‘कोंबडीचोर’. इथेही पुन्हा शिक्काच जिंकतो. अद्भुत गोष्टीत अर्थ सापडला नाही की तिच्या अलीकडची आणि पलीकडची चार वाक्यं अगदी कोरड्या नजरेने वाचा. कोण काम करतो, कोण मालक, कोणाचं नाव कोण ठरवतं, हे तिथे लिहिलेलं असतं.

आपलं वाचन घसरलंय हे ओळखायला मी दोन गोष्टी करून पाहते. एक, घटनेच्या जागी माझा अर्थ ठेवते. पावसाच्या जागी ‘कंपनीने टाळाटाळ केली’ असं ठेवलं आणि काहीच हरवलं नाही असं वाटलं, तर मी पाऊस वाचलेलाच नाही. त्या पावसात जनावरं मरतात, ओल्या कपड्यांवर शेवाळ धरतं, दारंखिडक्यांतून मासे पोहत जातील इतकी हवा ओली होते, आणि लोक घरात हात बांधून पावसाकडे बघत बसून राहतात. टाळाटाळीत हे मरगळलेलं थांबून राहणं येत नाही. दुसरी गोष्ट, माझा अर्थ दुसऱ्या कोणत्याही कादंबरीतल्या पावसाला लावून बघते. तिथेही तो तितकाच बसला, तर तो अर्थ मी बाहेरून आणलेला आहे.

आणि एका मोहापासून सांभाळा, जो हुशार वाचकांनाच जास्त पडतो. बुएंदिया घराण्यातली सुंदर रेमेदिओस चादरींसकट आकाशात जाते, तेव्हा बाहेरच्या लोकांना वाटतं की मुलगी कोणाबरोबर तरी निघून गेली आणि घराण्याने अब्रू झाकायला ही कथा रचली. हा खुलासा कादंबरीतच दिलेला आहे. तो वाचला की ‘म्हणजे खरं काय घडलं ते कळलं’ असं वाटतं. पण त्याच वेळी घरातली फर्नांदा देवाकडे आपल्या चादरी परत मागत असते. चादरींचा तोटा खरा आहे, घरातला आहे. संशयी लोकांचं म्हणणं कादंबरीने दडवलेलं नाही, आणि त्यांना निकाल द्यायचा अधिकारही दिलेला नाही. दोन्ही तसंच उभं ठेवून वाचायचं.

तर वहीतला ‘शोषण’ हा शब्द खोडू नका. त्याच्याखाली लिहा: ब्राउनच्या बोलण्यावर सुरू, चार वर्षं अकरा महिने दोन दिवस, सही झालीच नाही. मग कॉफी देणाऱ्या बाईच्या पानावर परत जा आणि वेळ पाहा. होसे आर्कादिओ सेगुंदो तिच्या दारात पोचतो तेव्हा जेमतेम उजाडत असतं. सरकारी निवेदनाबद्दल कादंबरीत आपण त्यानंतर वाचतो. तरी ती म्हणते, इथे कोणी मेलेलं नाही, आणि घरी पोचेपर्यंत तो आणखी ज्या दारांशी थांबतो तिथेही तेच उत्तर मिळतं. ‘सरकारने लोकांना विसरायला लावलं’ हा सरळ अर्थ इथे अपुरा पडतो, कारण सरकारचं म्हणणं आपल्या कानावर येण्याआधी ते या बाईच्या ओठांवर आहे. ती खोटं बोलत असेल तर त्याची जखम धुऊन बाळाचं दुपटं त्याला डोक्याला बांधायला का देते? ती घाबरली असेल तर त्याला घरात का घेते? मला याचं एक उत्तर देता येत नाही. निबंध लिहायला घ्याल तेव्हा याच पानापासून सुरुवात करा.